गाडी घेण्याआधी तीन ठिकाणी विचारा

मागच्या वेळी आपण जुनी गाडी घेताना कागदपत्रं कशी बघायची ते बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणींचा एकच प्रश्न आला. कागद ठीक आहेत, विमा आहे, गाडीही चकचकीत दिसते आहे. पण पुढची आठ-दहा वर्षं ही गाडी आपल्याकडे नीट चालेल का, हे आधी कसं ओळखायचं? आज तेवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

आमचं तालुक्याच्या गावात स्पेअर पार्टचं दुकान आहे. गाडी चालवायला मी उशिरा शिकले, पण काउंटरवर बसून सोळा वर्षं झाली. कुठल्या गाडीला काय सारखं लागतं, कुठल्या गाडीचा पार्ट मागायला आलेला माणूस तोंड पाडून परत जातो, हे रोज डोळ्यांसमोर असतं.

सुरुवातीला एक गोष्ट वेगळी काढू. समोर उभी असलेली गाडी आणि त्या गाडीचं मॉडेल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समोरची गाडी कशी वापरली, कुठे ठोकली, तेल वेळेवर बदललं का, हे तुमचा मिस्त्री चालवून, जॅकवर उचलून सांगेल. पण त्या मॉडेलचाच काही स्वभाव असतो. सत्तर हजार किलोमीटरला त्याचं काय जातं, कंपनीने त्यात कुठली चूक कबूल केली आहे, आणि ते बिघडलं तर आपल्या गावात किती दिवस उभं राहतं. हे गाडी पाहून कळत नाही. त्यासाठी तीन ठिकाणी विचारावं लागतं: ती गाडी वापरणाऱ्या मालकांना, रिकॉलच्या यादीला, आणि गावातल्या पार्टच्या दुकानाला.

एक खरं उदाहरण घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत. त्यांच्या मिस्टरांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, जिल्ह्याच्या गावी. एसटीने जाणं आता त्यांना झेपत नाही आणि दर खेपेला भाड्याची गाडी परवडत नाही. दिराकडून काही, सोसायटीचं कर्ज काही, असे पैसे उभे करून त्या जुनी गाडी बघत होत्या. गाडी दोन दिवस बंद पडली तर एक डायलिसिस चुकतं, म्हणून त्यांना ॲव्हरेजपेक्षा भरवसा महत्त्वाचा होता.

दोन गाड्या पुढे आल्या. एक मारुती वॅगनआर, एक लिटर पेट्रोलची, सप्टेंबर २०१९ ला तयार झालेली, अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर चाललेली. दुसरी डॅटसन रेडी-गो, २०२० च्या अखेरची, जेमतेम एकवीस हजार चाललेली आणि पन्नास हजारांनी स्वस्त. ताईंचा भाचा कॉलेजला आहे. त्याने मोबाईलवर शोधून सांगितलं, “मावशी, वॅगनआर नको. तिच्या पेट्रोल पंपाचं दोनदा रिकॉल झालंय. दुसरी घे, नवी पण आहे आणि स्वस्त पण.” पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. दोन रिकॉल खरोखर झाली होती. त्यावरून त्याने काढलेला अर्थ बरोबर आहे का, ते बघायचं होतं.

आधी मालकांकडे वळू. आता जवळजवळ प्रत्येक मॉडेलच्या मालकांचे इंटरनेटवर गट असतात. पाच-सहा वर्षं एकच गाडी वापरून काही जण तिचा सगळा जमाखर्च लिहून ठेवतात. ही मोठी सोय आहे, पण ते वाचायची रीत आहे. गाडी नवी घेतल्यावर पहिल्या सहा महिन्यांत माणूस जे लिहितो ते बहुतेक कौतुक असतं. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूला कोण नावं ठेवेल? आणि ज्याची गाडी घाटात बंद पडली तो त्याच रात्री रागाने लिहितो. जिची गाडी आठ वर्षं काही न बोलता चालली, ती बाई लिहायलाच बसत नाही. म्हणून किती जणांनी तक्रार केली हे मोजत बसू नका. तक्रारीत काय आहे ते वाचा.

मी तीन गोष्टी बघायला सांगते. किलोमीटरचा आकडा दिला आहे का? नेमका कुठला भाग गेला ते लिहिलं आहे का? आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या गावच्या चार-पाच जणांचा तोच भाग साधारण तेवढ्याच किलोमीटरवर गेला आहे का? तसं असेल तर तो मॉडेलचा स्वभाव समजा. “गाडी बेकार आहे, पैसे पाण्यात” एवढंच असेल, तर वाचून सोडून द्या. “बासष्ट हजारांवर पुढून कट-कट आवाज, लोअर आर्म बदलल्यावर थांबला” असं असेल, तर कागदावर लिहून घ्या. कारण समोरची गाडी पन्नास हजार चाललेली असेल, तर तो खर्च पुढच्या वर्षी तुमच्या दारात येणार आहे. भावात घासाघीस करताना तो आकडा हातात असावा.

इथे एक खाच आहे, आणि तिथे शहाणीसुरती माणसंसुद्धा फसतात. गाडीचं नाव तेच राहतं, आतली गाडी बदलते. वॅगनआर आपल्याकडे १९९९ च्या अखेरीस आली. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने ती मुळापासून नव्याने आणली. सांगाडा नवा, पत्रा नवा, दिवे नवे, आकारही मोठा. पण एक लिटरचं इंजिन मात्र आधीच्या वॅगनआरमध्ये होतं तेच, के-टेन-बी नावाचं, पुढे चालू ठेवलं. म्हणजे २०१४ ची वॅगनआर वापरणाऱ्याने इंजिनाबद्दल लिहिलेलं ताईंच्या कामाचं होतं, आणि दीड लाख किलोमीटर चाललेल्या त्या इंजिनाचे अनुभव भरपूर मिळतात. त्याच माणसाने दरवाजा, दिवे किंवा पुढच्या सस्पेन्शनबद्दल लिहिलेलं मात्र त्यांच्या काही कामाचं नव्हतं. तसंच एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-सिक्स झाल्या. इंजिन तेच असलं तरी धुराड्याकडची जाळी, सेन्सर, वायरिंग यांत फरक पडला. ताईंची सप्टेंबर २०१९ ची गाडी बीएस-फोर असेल की बीएस-सिक्स, हे आरसीवर बघायला मी आवर्जून सांगितलं, कारण सेन्सर मागवताना तिथेच घोटाळा होतो. काही मॉडेल एप्रिलच्या बरीच आधी बीएस-सिक्स झाली होती.

मोबाईलवरचे मालक बहुतेक शहरातले, हेही लक्षात ठेवा. त्यांची तक्रार असते की पडद्यावर गाणं नीट लागत नाही. आपल्या रस्त्याचा अनुभव हवा असेल तर स्टँडबाहेर वडाप करणाऱ्यांना, शाळेची मुलं नेणाऱ्यांना, दूध डेअरीच्या सुपरवायझरला विचारा. त्यांची गाडी वर्षात जेवढी चालते तेवढी आपली चार वर्षांत चालत नाही. त्यांना “गाडी कशी आहे” असं विचारू नका, ते “चांगली आहे” म्हणतील. “काका, क्लच प्लेट कितीव्या हजाराला टाकली?” असं विचारा. मग ते पाच मिनिटं थांबत नाहीत.

आता रिकॉल. हा शब्द ऐकला की लोक घाबरतात. रिकॉल म्हणजे गाडीच्या एखाद्या भागात बनवतानाच चूक राहिली आहे असं कळल्यावर कंपनीने त्या मुदतीतल्या सगळ्या गाड्या बोलावून तो भाग तपासणं आणि लागल्यास फुकट बदलून देणं. आपल्या देशात २०१२ पासून कंपन्यांनी हे आपणहून करायचं ठरवलं. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. एखाद्या मॉडेलबद्दल ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त तक्रारी सरकारकडे आल्या तर सरकार आता कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं. हा नियम सात वर्षांच्या आतल्या वाहनांसाठी आहे. त्यामुळे दहा-बारा वर्षांची गाडी घेत असाल तर रिकॉलच्या वाटेला जाऊन फार हाती लागणार नाही. तिथे मालक आणि पार्टचं दुकान यांवरच भिस्त.

रिकॉल किती झाली यापेक्षा कशाची झाली हे बघायचं. मारुतीच्याच ईकोचं बघा, आपल्या भागात ती घरोघर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ४०,४५३ ईको बोलावल्या. कशासाठी, तर हेडलॅम्पवर नियमाप्रमाणे असायला हवं ते चिन्ह काही गाड्यांवर नव्हतं. गाडी चालायला त्याने काही फरक पडत नव्हता. आणि जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या बोलावल्या, त्या स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी. टाय रॉड म्हणजे तुम्ही स्टिअरिंग वळवलं की चाकाला ढकलणारा दांडा. तो तुटला तर स्टिअरिंग हातात आणि चाक भलतीकडे. दोन्ही बातम्या “ईकोचं रिकॉल” म्हणूनच छापून येतात. पहिली वाचून विसरली तरी चालेल. दुसऱ्या यादीतली गाडी दारात असेल तर काम झालंय का हे विचारल्याशिवाय ती घाटात नेऊ नये.

ताईंच्या वॅगनआरकडे येऊ. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या, पेट्रोल पंप तपासायला. त्यात १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या एक लिटरच्या वॅगनआर होत्या. मग मार्च २०२४ मध्ये पुन्हा पेट्रोल पंपाच्या मोटरसाठी ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर बोलावल्या, ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या. ताईंची गाडी सप्टेंबर २०१९ ची, म्हणजे तारखेने दोन्हीत बसत होती. भाचा म्हणाला ते हेच.

पण त्याच सुमाराला आणखी कोणी काय केलं तेही बघितलं पाहिजे. जून २०२० मध्ये होंडाने २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या बोलावल्या, त्याही पेट्रोल पंपासाठीच. पंपातली पाती सदोष असू शकतात आणि काळाने इंजिन बंद पडू शकतं किंवा सुरूच होत नाही, असं कंपनीने सांगितलं. पुढे २०२१ मध्ये होंडाने आणखी गाड्या बोलावल्या, कारण तेच. सांगायचं काय, तर पेट्रोल पंप हा गाडीची कंपनी स्वतः ओतत नाही, तो बाहेरच्या कारखान्यातून तयार येतो. एखाद्या काळातल्या मालात खोट निघाली तर ती त्या काळात बनलेल्या गाड्यांतच राहते. इंजिन किंवा गिअरबॉक्स कच्चा असणं वेगळं आणि बदलता येणारा एक भाग एका काळात सदोष येणं वेगळं. पंप बदलला की विषय संपतो. म्हणून या रिकॉलमुळे गाडी नाकारायचं कारण नव्हतं. त्या गाडीचं काम झालं आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न होता.

तो प्रश्न अंदाजाने सोडवता येत नाही, गाडीच्या चासी नंबरवरूनच सोडवावा लागतो. तारीख बसली म्हणजे गाडी यादीत असेलच असं नाही. आरसीवर दोन तारखा असतात. गाडी पासिंग कधी झाली ती एक, आणि कारखान्यात बनली तो महिना दुसरा. रिकॉल बनल्याच्या तारखेवर चालतं. ताईंची गाडी डिसेंबरमध्ये पासिंग झाली होती. नुसती पासिंगची तारीख बघितली असती तर दोन्ही यादींच्या बाहेर धरली गेली असती. चासी नंबर आरसीवर असतो आणि गाडीच्या पत्र्यावरही कोरलेला असतो. दोन्ही जुळतात का ते त्याच वेळी बघून घ्यायचं. तो सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. मारुतीचा `MA3` ने सुरू होतो, पुढे चौदा. कंपनीच्या वेबसाईटवर रिकॉलच्या पानावर तो टाकला की तुमची गाडी यादीत आहे का ते दिसतं. इंटरनेट जमत नसेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आरसी घेऊन जा आणि म्हणा, “या नंबरवर काही रिकॉल बाकी आहे का ते बघून सांगा, आणि सर्व्हिसची जुनी नोंद पण दाखवा.”

ती नोंद फार बोलकी असते. प्रत्येक सर्व्हिसला मीटर किती होतं ते तिच्यात लिहिलेलं असतं. २०२२ च्या नोंदीत एकावन्न हजार आणि आज मीटरवर अठ्ठेचाळीस हजार असेल, तर मीटर मागे फिरवलंय, तिथेच नमस्कार करून निघायचं. ताईंच्या गाडीच्या नोंदी सरळ होत्या. पहिल्या रिकॉलचं काम २०२० मध्येच झालेलं होतं. दुसऱ्या यादीत गाडी होती, आणि ते काम झालेलं नव्हतं. का झालं नव्हतं? वॉरंटी संपल्यावर पहिल्या मालकाने गाडी ओळखीच्या गॅरेजला द्यायला सुरुवात केली आणि मधे फोन नंबर बदलला. कंपनीचा निरोप तिच्याकडे नोंदलेल्या पत्त्यावर नि फोनवर जातो. जुनी गाडी घेणाऱ्याकडे तो येतच नाही. आपल्यासारख्या गावांत अशा किती गाड्या रिकॉल बाकी ठेवून फिरत असतील कोण जाणे.

पंप खराब व्हायला लागला तर ओळखायचं कसं, तेही सांगते, कारण ते कुठल्याही पेट्रोल गाडीला लागू आहे. पंप मागच्या सीटखाली टाकीच्या आत बुडालेला असतो. चावी फिरवून सेल्फ न मारता थांबलात तर मागून दोन-एक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही आणि सेल्फ नुसता फिरत राहिला, इंजिन पकडलं नाही, तर आधी फ्यूज नि रिले बघायचा आणि मग पंपाकडे वळायचं. गाडी गरम झाल्यावर चढावर आचके देते, बंद पडते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालते, हीसुद्धा पंपाची खूण असू शकते. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, म्हणून सतत रिझर्व्हवर गाडी चालवणं त्याला मारक. सीएनजीच्या गाडीत पेट्रोल कशाला भरायचं म्हणून टाकी कोरडी ठेवणारे पुढे पंपाला पैसे घालतात.

रिकॉलची यादी काय सांगत नाही, तेही लक्षात घ्या. ती जिवाशी गाठ असलेल्या आणि तशा गंभीर चुकांसाठी असते. क्लच लवकर झिजतो, दरवाजा खडखडतो, एसीतून वास येतो, यासाठी कोणी रिकॉल करत नाही. आणि एखाद्या मॉडेलचं एकही रिकॉल नाही म्हणजे ते उत्तम, असंही नाही. गाड्याच थोड्या विकल्या असतील तर चूक उघडकीला यायलाही वेळ लागतो. रेडी-गोचं २०१६ मध्ये पेट्रोलच्या पाइपसाठी एक रिकॉल झालं होतं, पण ते अगदी सुरुवातीच्या गाड्यांचं. २०२० च्या गाडीला त्याचा संबंध नव्हता. म्हणजे रिकॉलच्या खात्यात रेडी-गो कोरी होती.

मग आमच्या दुकानाची पाळी आली. खरं सांगते, तालुक्याच्या गावात हीच परीक्षा सगळ्यांत कठीण. मी ताईंना एक कागद दिला आणि त्यावर दहा वस्तू लिहायला सांगितल्या. रोजच्या: ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, फॅन बेल्ट. झिजणाऱ्या: क्लच सेट, लोअर आर्म, शॉकअब्सॉर्बर, रेडिएटर. ठोकल्यावर लागणाऱ्या: हेडलाइट, पुढची काच. आणि एक इलेक्ट्रिकची, पेट्रोल पंप. म्हटलं, आमच्याकडे नका विचारू, मी ओळखीची आहे. समोरच्या पेठेत दोन दुकानांत विचारा आणि प्रत्येक वस्तूपुढे एकच गोष्ट लिहा: हातात आहे, संध्याकाळच्या गाडीने येईल, की ऑर्डर टाकावी लागेल.

“संध्याकाळच्या गाडीने” म्हणजे काय ते ऐकणाऱ्यांना माहीत आहे. सकाळी फोन केला की पुण्याचा किंवा साताऱ्याचा व्यापारी पार्सल एसटीत किंवा ट्रॅव्हल्सवर टाकतो, रात्री ते स्टँडवर उतरतं. त्या पार्टसाठी गाडी एक दिवस उभी राहते. “ऑर्डर टाकावी लागेल” म्हणजे आधी पैसे भरा आणि मग वाट बघा. आठ दिवस, कधी महिना. किंमत दोन्हीकडे परवडेल, पण ताईंच्या घरी महिना परवडणार नव्हता.

कागद परत आला. वॅगनआरच्या दहापैकी सात वस्तू हातात होत्या. रेडिएटर आणि पुढची काच संध्याकाळच्या गाडीने. पेट्रोल पंप मूळ कंपनीचा हवा तर दोन दिवस. त्यातही दुकानदाराने आधी विचारलं होतं, “नवी वॅगनआर की २०१८ पर्यंतची?” असं विचारणारा दुकानदार आपला समजावा. न विचारता डबा पुढे करणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

रेडी-गोचा कागद मजेशीर होता. मजेशीर म्हणजे घेणाऱ्याला नव्हे. डॅटसन हा निस्सानचा ब्रँड. एप्रिल २०२२ मध्ये तो भारतात बंद झाला. सर्व्हिस आणि पार्ट देत राहू असं निस्सानने सांगितलं आहे. आणि ही गाडी रेनॉच्या क्विडची सख्खी बहीण आहे. सांगाडा एक, ८०० सीसीचं इंजिन एक. त्यामुळे फिल्टरला, क्लचला वाट होती. दुकानदाराने क्विडचे डबे काढले आणि म्हणाला, जुना पार्ट आणा, नंबर जुळवून देतो. पण हेडलाइट, बोनेट, काच हे काही बहिणीचं बहिणीला बसत नाही. दोन्ही दुकानांत उत्तर एकच आलं, ऑर्डर. एकाने तर कुर्ल्याच्या जुन्या बाजारात बघा म्हणून सांगितलं. बंद झालेल्या मॉडेलचं हे असंच असतं. फियाटच्या डिझेल गाड्या आठवा. त्यांचं १.३ लिटरचं इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटाच्या व्हिस्टामध्ये होतं, म्हणून फियाट गेली तरी इंजिन खोलणारे मिस्त्री नि पार्ट गावोगाव राहिले. पण त्याच गाडीचा बंपर शोधायला माणूस पुण्या-मुंबईला फिरतो. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस इथे विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. या गाड्या वाईट होत्या म्हणून नव्हे, पण त्या आता स्वस्त का मिळतात याचं एक कारण इथे आहे. स्वस्त मिळालेले पैसे वेगळे काढून ठेवणार असाल आणि घरात दुसरी गाडी असेल, तर जरूर घ्या. माझी हरकत नाही.

पार्ट मिळतो म्हणून सगळं झालं असंही नाही. उघडणारा हात हवा. गावातल्या दोन मिस्त्रींना विचारायचं, “दादा, ही गाडी शेवटची कधी उघडली होती?” वॅगनआरसाठी एकाने समोर बोट दाखवलं, एक उघडीच होती. रेडी-गोसाठी तो आठवत बसला. त्याच्याकडे गाडीला लावून दोष वाचायचा स्कॅनर आहे का आणि तो या मॉडेलला चालतो का, हेही विचारून घ्यायचं, कारण आताच्या गाड्यांत पिवळा दिवा लागला की निम्मं काम स्कॅनरचंच असतं.

खपणाऱ्या गाडीचं एक दुखणंही सांगून टाकते, आमच्या धंद्यातल्यांना आवडलं नाही तरी. जी गाडी जास्त, तिचे डुप्लिकेट पार्ट जास्त. रेडी-गोचा नकली फिल्टर कोणी बनवत बसणार नाही, वॅगनआरचा बनवतात. नकली ऑइल फिल्टरमध्ये आतली रबराची झडप नीट नसते, रात्रीत तेल खाली उतरून जातं आणि सकाळी सुरू करताना इंजिन दोन-तीन सेकंद कोरडं खडखडतं. फिल्टर बदलल्यानंतर असा सकाळचा खडखडाट नव्याने सुरू झाला, तर आधी फिल्टरचा डबा शोधा. ब्रेक पॅड आणि क्लच सेट घेताना डब्यावर छापील किंमत, पार्ट नंबर आणि बिल या तिन्ही गोष्टी मागा, आणि काढलेला जुना पार्ट मिस्त्रीकडून परत घ्या. तो नव्याशेजारी ठेवून बघितला की निम्मी लबाडी तिथेच दिसते.

ताईंनी वॅगनआर घेतली. रेडी-गो वाईट ठरली म्हणून नाही. तिच्या मालकांचे एक लाखाच्या पुढचे अनुभव शोधूनही फार मिळाले नाहीत, आणि एक काच फुटली तर गाडी किती दिवस उभी राहील हे कोणी सांगू शकलं नाही. बोलणी करताना ताईंनी मालकाला सांगितलं की रिकॉलचं काम आधी करून द्या, मग नावावर करू. तो म्हणाला, खर्च कोण देणार? त्यालाही माहीत नव्हतं की ते फुकट असतं. तो स्वतः गाडी जिल्ह्याच्या वर्कशॉपला घेऊन गेला. पार्ट यायला चार दिवस लागले, काम अर्ध्या दिवसात झालं. जॉब कार्डाची प्रत ताईंनी मागून घेतली. लोअर आर्मचा खर्च पुढे येणार आहे हे त्या वडापवाल्या काकांकडून ऐकून आल्या होत्या, तो सांगून त्यांनी भावात काही हजार कमी करून घेतले.

नाव बदलल्यावर एक काम राहतं, ते बहुतेक जण विसरतात. वर्कशॉपमध्ये आरसी दाखवून कंपनीच्या नोंदीत जुन्या मालकाचा फोन काढून आपला फोन घालायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत. पुढे कधी त्या मॉडेलचं रिकॉल निघालंच, तर निरोप आपल्या मोबाईलवर येतो. त्यासाठी आरसी आणि आधार कार्डाची झेरॉक्स बरोबर ठेवा.